ऑर्डर का नाकारली, ते आधी वाचा

टिळकवाडीतला माझा मावसभाऊ दिवसभर उद्यमबागेत कामावर असतो, म्हणून शेअरची खरेदी-विक्री त्याचा छोटा प्रोग्रॅम करतो. ऑर्डर नाकारली गेली की ती पुन्हा पाठवायची, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. एका पडत्या शेअरमध्ये याचं काय झालं, ते आकड्यांनिशी पाहू.

शेअरचा आदल्या दिवशीचा बंद भाव 480 रुपये, सर्किट 10 टक्क्यांचं. म्हणजे त्या दिवशी 432 च्या खालची किंवा 528 च्या वरची ऑर्डर घेतलीच जाणार नव्हती. भाव 435 वर आला आणि प्रोग्रॅमने विकायला घेतलं. ऑर्डर पटकन लागावी म्हणून तो चालू भावापेक्षा 1 टक्का खालचा भाव टाकतो. तो आला 430.65. उत्तर `REJECTED`. तेवढ्यात भाव 434 झाला, नवी ऑर्डर 429.65 ची गेली. भाव जसजसा पडेल तसतशी ऑर्डर मर्यादेपासून आणखी लांब जाणार होती.

432 ची ऑर्डर टाकली असती तर माल 434 च्या आसपास विकलाही गेला असता. लिमिट ऑर्डरमधला विक्रीचा भाव म्हणजे ‘यापेक्षा कमी नको’ एवढीच अट असते. समोर जास्त देणारा असेल तर त्याचाच भाव मिळतो. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```
price = max(lower_circuit, ltp * 0.99)
```

आलेला भाव त्या शेअरच्या टिकवर, म्हणजे इथे 5 पैशांच्या पटीत, बसवायचा. मात्र भाव 432 वरच अडकला आणि घेणारा कुणी उरला नाही, तर ऑर्डर स्वीकारली जाऊनही रांगेत पडून राहते. तिथे प्रोग्रॅमच्या हातात काही नसतं.

मार्जिन कमी पडल्याचा नकार मात्र एक्स्चेंजपर्यंत जातही नाही, तो ब्रोकरकडेच होतो. खात्यात 45,000 आहेत, त्यातले 9,000 दुसऱ्या न लागलेल्या ऑर्डरमध्ये अडकलेत आणि 41,000 ची खरेदी करायची आहे, तर ऑर्डर कितीदाही पाठवा, हिशोब 36,000 वरच थांबतो. अशा वेळी एकतर संख्या कमी करावी, नाहीतर जुनी ऑर्डर रद्द करून, ती रद्द झाल्याची खात्री पटल्यावर नवी टाकावी. मला जास्त धोका वाटतो तो चालू राहिलेल्या लूपचा: दुपारी कधीतरी पैसे मोकळे होतात आणि सकाळच्या निर्णयाची खरेदी, ते कारण संपल्यावर, होऊन बसते.

उत्तरच आलं नाही, तर त्याला नकार समजू नये. खानापूरकडे नेटवर्क गेलं की हे हमखास होतं. ऑर्डर पोहोचलेली असू शकते, म्हणून आधी ऑर्डर बुक मागवून ती तिथे आहे का ते पाहायचं. न पाहता पुन्हा पाठवली तर दुप्पट शेअर विकले जाऊ शकतात.