अल्बममधला पाहुणा आणि मागची गाडी

लग्नाच्या फोटोंचं सिलेक्शन कळवताना आपण फोटोग्राफरला लिहितो, "मागचा माणूस आणि ती गाडी काढून टाका." या एका वाक्यात दोन अगदी वेगळी कामं आहेत. फोटोतून काहीही काढलं की तिथे भोक पडतं. ते कशाने भरायचं, हा खरा प्रश्न आहे.

पाहुणा चालता असेल तर उत्तर सोपं आहे. हार घालताना फोटोग्राफर सलग फोटो काढतो. सेकंदाला 5 धरू. साध्या चालीने माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन फोटो पुढे गेलं की तो पाऊण मीटर सरकलेला असतो. खांद्यांची रुंदी याहून कमी. त्याच्या आड गेलेली फुलांची माळ त्या पुढच्या फोटोत मोकळी दिसते. दोन फोटो एकावर एक जुळवून तेवढाच तुकडा उचलला की झालं. भरलेली जागा खरीखुरी असते. म्हणून पत्रात असं लिहावं:

"DSC_4127 मध्ये नवरीच्या डाव्या खांद्यामागून मोबाइल बघत जाणारे गृहस्थ काढावेत. मागची जागा DSC_4130 मध्ये मोकळी दिसते, ती तिथून घ्यावी."

गाडीचं तसं नाही. कार्यालयाच्या दारात लावलेला पांढरा टेम्पो सगळ्या फोटोंत तिथेच उभा असतो. त्यामागची भिंत कॅमेऱ्याने पाहिलेलीच नाही. मग सॉफ्टवेअर त्याच फोटोत इतरत्र मिळतेजुळते तुकडे शोधून भोकात बसवतं. असे तुकडे झपाट्याने शोधणारी 'पॅचमॅच' ही पद्धत 2009 साली मांडली गेली आणि 2010 साली फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' आलं. गवत, आकाश, साधा गिलावा यांवर ते छान चालतं. पण टेम्पोमागे कमानीचा खांब असेल तर खांब कुठे संपतो हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यावर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याच जागेचा रिकामा फोटो:

"DSC_4302 मधला टेम्पो काढायचा आहे. लग्नाच्याच वेळेला, म्हणजे सकाळी 11 च्या सुमारास, त्याच जागेवरून आणि त्याच लेन्सने मोकळ्या दाराचा एक फोटो घेऊन तो मागे लावता येईल का?"

वेळ सांगायची ती सावल्यांसाठी. ऊन दुसऱ्या बाजूने आलं तर कमानीची सावली वऱ्हाडाच्या सावल्यांशी जुळत नाही आणि जोड लगेच डोळ्यांत भरतो.

छपाईआधी प्रूफ मागवून मोठं करून पाहा. गाडी गेली पण तिची सावली फरशीवर राहिली, असं बरेचदा होतं. एकच पान किंवा डाग दोनदा दिसतो का, भिंतीची कड मध्येच वाकते का, हेही बघा. नवरीच्या सुट्या केसांभोवती पांढरी किनार राहिली असेल तर टेम्पो नीट कापला गेलेला नाही.