हवा धाग्यातून नाही, भोकातून येते

“सुती मच्छरदाणीच हवेशीर ना? पॉलिएस्टरमध्ये गुदमरतं.”

उलट होतं. महाद्वार रोडवर खरेदी करताना जाळीवर पट्टी ठेवा आणि एका सेंटिमीटरमधली भोकं मोजा. आडवी पाच, उभी पाच म्हणजे चौरस इंचाला साधारण १५६, डासांसाठी नेहमीची जाळी. दोन धाग्यांच्या मध्यांत २ मिमी अंतर. पॉलिएस्टरचा धागा ०.२ मिमी असेल तर ८१ टक्के जागा मोकळी राहते, सुती ०.५ मिमी असेल तर फक्त ५६. शिवाय कोल्हापूरच्या पावसाळ्यात सूत ओल धरतं, तंतू फुगतात.

काही मच्छरदाण्यांच्या जाळीत कीटकनाशक असतं, त्यामुळे भोकं बुजत नाहीत. अशा काही पॉलिइथिलीन जाळ्यांची भोकं मुद्दाम मोठी ठेवतात, कारण डास धाग्याला टेकून मरतो. त्यांत हवा जास्त खेळते. मात्र कीटकनाशक ओसरल्यावर त्याच भोकांतून डास आत शिरतात.