एका पानाला एकच सूचना: हनाबीचा हिशेब

हनाबी या पत्त्यांच्या खेळात स्वतःची पाने उलटी धरायची असतात, पाठ आपल्याकडे आणि चेहरा इतरांकडे. आंत्वान बोझा यांच्या या खेळाला 2013 साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पाच रंगांत 1 ते 5 अशी पाने सगळ्यांनी मिळून क्रमाने लावायची. गड्डीत 50 पाने असतात. प्रत्येक रंगात 1 तीनदा, 2, 3, 4 दोनदा आणि 5 एकदाच.

आपल्या पाळीत तीनपैकी एक गोष्ट करता येते: पान लावणे, पान टाकून देणे किंवा सूचना देणे. सूचना एकाच खेळाडूला, एकाच रंगाची किंवा एकाच आकड्याची; त्यात बसणारी त्याची सगळी पाने दाखवावी लागतात. सुरुवातीला 8 सूचना शिल्लक असतात. पान टाकले किंवा एखाद्या रंगाचा 5 लागला की एक परत मिळते.

तिघांच्या डावात 15 पाने वाटली की गड्डीत 35 उरतात. प्रत्येक लावण्या-टाकण्याला त्यातले एक उचलले जाते. ती संपल्यावर प्रत्येकाला एकच पाळी, म्हणजे लावणे आणि टाकणे मिळून 38 वेळा. त्यातले 25 वेळा लावायचे, तर टाकायला 13च उरतात. सूचना झाल्या 8 अधिक 13, अधिक पाच्यांच्या 4 (शेवटच्या पाच्याबरोबर डावच संपतो): जास्तीत जास्त 25. पान पूर्ण ओळखायला मात्र रंग आणि आकडा दोन्ही लागतात. उरलेला अर्धा अर्थ आपसांत ठरवलेल्या संकेतातून काढावा लागतो.

सर्वांत उपयोगी संकेत असा: नवे पान डावीकडे घ्यायचे, आणि टाकायचे ते उजवीकडचे, सूचना न मिळालेले सर्वांत जुने. सूचना त्या टोकाच्या पानाला लागली तर ‘हे टाकू नकोस’. दुसऱ्याच पानाला लागली तर ‘हे लाव’.

समजा, मेजावर लाल 2 पर्यंत आणि निळा 1 लागला आहे. आत्ता पाळी अनंतची, पुढची जुईची. तिच्याकडे डावीकडून निळे 4, लाल 3, हिरवे 2, पिवळे 4 आणि टोकाला लाल 5. अनंतने ‘लाल’ म्हटले तर दोन पाने दाखवावी लागतील. त्यात टोकाचेही आहे, म्हणून जुई थांबेल, किंवा ते 3 समजून लावेल. मग डावातल्या चुकांच्या तीन संधींपैकी एक खर्च होते आणि लाल 5 कायमचे जाते. पंचविसाचा डाव तिथेच 24 वर येतो.

अनंतने ‘3’ म्हणावे. एकच पान दाखवले जाते, टोकाचे नाही, म्हणून ते लावायचे. आणि सध्या लागू शकणारा तिर्री फक्त लालचा, त्यामुळे रंग न सांगता कळतो. जुई पान लावण्यात गुंतली की त्या पाळीला 5 टाकले जात नाही. तिच्यानंतरची मीरा ‘5’ सांगून ते वाचवते.

हा संकेत डाव सुरू होण्याआधीच ठरवावा. मधेच भुवया उंचावून सांगितलेले आमच्या मते फसवणूकच.