सकाळचे कोमट पाणी आणि लिंबूपाणी

उठल्याबरोबर, चहाच्या आधी, पेलाभर कोमट पाणी पिण्याची सवय महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आहे. काही जण त्यात अर्धे लिंबू पिळतात, काही मध घालतात. अपेक्षा बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे पोट साफ व्हावे. पहाटे पाणी पिण्याला आयुर्वेदात उषःपान म्हणतात. गरम पाण्याचे गुण सांगताना अष्टांगहृदयात ते दीपन, म्हणजे भूक चेतवणारे, पाचन, कंठाला हितकर आणि बस्तिशोधन, म्हणजे मूत्राशय शुद्ध करणारे, असे म्हटले आहे. आतडे हलवण्याचे काम मात्र त्या वर्णनात नाही.

प्यालेले पाणी पोटातून खाली जाऊन साचलेला मळ धुऊन काढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शरीरात तसे घडत नाही. रिकाम्या जठरात गेलेले अडीचशे मिलिलिटर पाणी थोड्याच वेळात लहान आतड्यात उतरते आणि तेथेच बहुतेक सगळे रक्तात शोषले जाते. लहान आतड्यात दिवसभरात अन्नपाणी, लाळ, जठररस, पित्त असा सगळा मिळून आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात पोचतो आणि शेवटी शौचावाटे शंभर ते दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. एवढ्या मोठ्या व्यवहारात सकाळचा एक पेला सहज मुरून जातो. सकाळी सहाला प्यालेले पाणी साडेसहाच्या शौचात नसते, त्याचा मार्ग मूत्रपिंडाकडे वळलेला असतो. पाण्याची ऊबही जठराच्या पुढे फारशी टिकत नाही, कारण जठरातच ते हळूहळू शरीराच्या तापमानाला येते.

तरीही पाणी प्यायल्यावर कळ येते, हा असंख्य लोकांचा अनुभव खरा आहे. त्याचे मुख्य कारण सकाळ हेच आहे. झोपेत मोठे आतडे जवळजवळ स्वस्थ असते आणि जाग येताच त्याच्या हालचाली झपाट्याने वाढतात. दिवसभरात मोजक्याच वेळा येणाऱ्या, मळाला लांबवर पुढे ढकलणाऱ्या जोरकस लाटा प्रामुख्याने जागे झाल्यानंतर आणि जेवणानंतर उठतात. अंथरुणातून उठून माणूस चालू-फिरू लागतो, त्याचीही मदत होते. पाणी नेमके याच वेळी प्यायले जात असल्याने श्रेय त्याला मिळते.

दुसरे कारण म्हणजे जठर ताणले गेले की मोठ्या आतड्याला मिळणारा इशारा, ज्याला जठर-बृहदांत्र प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. पाण्याने जठर थोडे ताणते, म्हणून हलका इशारा मिळू शकतो. पण ही क्रिया खऱ्या अर्थाने जागवतात ते अन्नातले उष्मांक, त्यातही स्निग्ध पदार्थ. पाण्यात ते नाहीत. त्यामुळे तूप लावलेली भाकरी किंवा पोटभर पोहे या बाबतीत पाण्यापेक्षा फार पुढे आहेत.

याची थेट तपासणी कॉफीच्या निमित्ताने झाली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात चौदा निरोगी व्यक्तींच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील हालचाल मोजली होती. ज्यांना कॉफीने कळ येते त्यांच्यात कॉफी पोटात गेल्यापासून चार मिनिटांत हालचाल वाढली, कॅफीन काढलेल्या कॉफीनेही वाढली. नुसत्या गरम पाण्याने ती एकाही व्यक्तीत वाढली नाही. १९९८ सालच्या अमेरिकी अभ्यासात बारा जणांना वेगवेगळ्या वेळी कॉफी, पाणी आणि हजार कॅलरींचे जेवण दिले. कॉफीचा परिणाम जेवणाच्या तोडीचा आणि पाण्यापेक्षा सुमारे ६० टक्के अधिक ठरला. हे गट लहान होते आणि बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे नव्हते, त्यामुळे यातून अंतिम निकाल काढता येत नाही. पण कोमट पाणी आतड्याला चालना देणारे जोरकस साधन आहे, या दाव्याला त्यांतून आधार मिळत नाही.

लिंबाने या चित्रात विशेष भर पडत नाही. अर्ध्या लिंबाच्या रसात एखादा ग्रॅम सायट्रिक आम्ल, थोडे क जीवनसत्त्व आणि नाममात्र उष्मांक असतात. तंतू चोथ्यातच राहतात. जठरातले आम्ल मुळातच लिंबापेक्षा तीव्र असते. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना लिंबातल्या सायट्रेटचा उपयोग होऊ शकतो, पण तो लाभ मूत्रमार्गाचा आहे. रोज आंबट पाणी तोंडात घोळवत पिण्याने दातांचे एनॅमल झिजते. म्हणून ते पटकन पिऊन साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत, अर्धा तास थांबावे.

मिठाच्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि लिंबूपाण्याची कीर्ती काही अंशी तिच्याशी झालेल्या गल्लतीतून आलेली दिसते. हठयोगातील शंखप्रक्षालनात कोमट खारे पाणी एकापाठोपाठ एक पेले पिऊन ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन अशी आसने करतात आणि खरोखर पातळ जुलाब होतात. तेथे मिठाचे प्रमाण लिटरला साधारण दोन चमचे असते. ते रक्ताच्या खारेपणाच्या जवळ जाते, म्हणून पाणी साध्या पाण्याइतके चटकन शोषले जात नाही. त्यात भर पडते ती थोड्या वेळात पोटात गेलेल्या मोठ्या मात्रेची. लिंबूपाण्यातल्या चिमूटभर मिठाने हे साधत नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ही क्रिया धोक्याची आहे आणि इतरांनीही ती जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी.

कोमट पाण्याचा खरा फायदा होतो तो दिवसभरात फारच कमी पाणी पिणाऱ्यांना. आठ निरोगी पुरुषांचे रोजचे पाणी आठवडाभर अडीच लिटरवरून अर्ध्या लिटरखाली आणले, तेव्हा त्यांचे शौच आठवड्याला सुमारे सात वेळांवरून पाचवर आले. उलट पुरेसे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसांना आणखी पाणी दिल्याने शौच वाढत नाही. तंतू आणि पाणी यांची जोडी मात्र जमते. बद्धकोष्ठाच्या ११७ रुग्णांच्या एका इटालियन अभ्यासात रोज २५ ग्रॅम तंतूंसोबत दोन लिटर पाणी पिणाऱ्यांना अधिक लाभ झाला, पण ते खनिज पाणी मॅग्नेशियमयुक्त होते, हे विसरू नये. इसबगोलही पाण्यासोबतच घ्यायचा असतो, कारण पाणी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे.

स्वतःपुरती तपासणी करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. समजा, एखादी बाई सहाला उठते, लगेच दोन पेले लिंबूपाणी पिते आणि पावणेसातला शौचाला जाते. तिने आठवडाभर उठण्याची वेळ, चालणे आणि नाश्ता तेच ठेवून पाणी सातनंतर प्यावे आणि कळ केव्हा आली ते टिपावे. कळ पावणेसातलाच येत राहिली, तर काम जागेपणाचे आहे. ती सातच्या पुढे सरकली, तर पाण्याचा किंवा सवयीचा वाटा आहे. पुढच्या आठवड्यात लिंबू वगळून पाणी पुन्हा सहाला घेतले की लिंबाचा वाटाही कळतो. दोन्ही वेळी पायांखाली छोटा पाट घेऊन गुडघे कमरेपेक्षा उंच ठेवले, तर मलाशयाचा कोन सरळ होऊन कुंथावे कमी लागते. कमोड वापरणाऱ्यांसाठी हा बदल पाण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो, मात्र तो दोन्ही आठवड्यांत सारखाच ठेवावा, नाहीतर कशाचा परिणाम ते समजणार नाही.

शौचात रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, किंवा पंचेचाळिशीनंतर नव्याने बदललेली शौचाची सवय, यांपैकी काही दिसल्यास पाण्याचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी.