ते पित्त नसेलही: सातव्या-आठव्या महिन्यात बरगडीखाली दुखू लागलं तर

आमच्या प्रसूतीपूर्व वर्गात येणाऱ्या ताईंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. घरातल्या सगळ्यांनी वाचा, विशेषतः रात्री गाडी काढणाऱ्याने.

काही लक्षणांबद्दल कोणाला पटवावं लागत नाही. अंगावरून रक्त गेलं, पाणमोट फुटून पाणी वाहू लागलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्ट कमी झाली किंवा थांबली, की तडक दवाखान्यात जायचं. वेळ कोणतीही असो. यावर वर्गात बोलणं झालंच आहे. हे पत्रक मात्र एका फसव्या लक्षणाबद्दल आहे. ते दिसतं पित्तासारखं, आणि म्हणूनच लोक सकाळपर्यंत थांबतात.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. सातपूरची एक ताई, तेहेतिसावा आठवडा. गुरुवारी हिरव्या बांगड्या भरल्या, शनिवारी डोहाळजेवण झालं. आठ दिवसांपूर्वीच्या तपासणीत बीपी 118/76 होतं, म्हणजे अगदी उत्तम. रविवारी दुपारपासून डोकं जड. पॅरासिटामोलची एक गोळी घेतली, तरी उतरलं नाही. रात्री अकराला छातीखाली, जरा उजवीकडे बरगडीच्या आत दुखायला लागलं आणि दोनदा उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या, काल पुरणपोळी आणि भजी झाली ना, पित्तच असणार. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, नंतर पित्ताची गोळी. तासभर गेला, दुखणं तसंच.

जाऊबाईचं लक्ष मनगटाकडे गेलं. गुरुवारी सैल सरकणाऱ्या बांगड्या हाताला रुतून बसल्या होत्या. अंगठी तर फिरेचना. तिने सासऱ्यांचं बीपीचं मशीन आणलं: 164/112. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं: 166/110. साडेबारा वाजता गाडी निघाली.

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो विसाव्या आठवड्यानंतर होतो. मूळ दुखणं वारेत असतं. गर्भाशयातल्या ज्या रक्तवाहिन्यांनी रुंद होऊन वारेला भरपूर रक्त द्यायचं, त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेतून असे काही घटक आईच्या रक्तात उतरतात, की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. त्याने बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तातलं पाणी झिरपून अंगावर सूज येते. यकृत सुजलं की त्याभोवतीचं आवरण ताणतं आणि तेच बरगडीखाली दुखतं. पोटात जळजळ नसतेच, म्हणून पित्ताची गोळी तिथे काही करू शकत नाही.

मग खरं पित्त कसं ओळखायचं? खरं सांगायचं तर घरी खात्रीने ओळखता येत नाही, आणि तो प्रयत्नही करू नका. गर्भारपणात आंबट पाणी घशाशी येणं, मिसळ खाल्ल्यावर जळजळणं रोजचंच आहे. पण दुखणं बरगडीखाली एका जागी ठाण मांडून बसलं, गोळीने हललं नाही, किंवा सोबत खालीलपैकी एक जरी असेल तर पित्त हा शब्द बाजूला ठेवा: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, धाप, लघवी फार कमी होणं. संध्याकाळी पाय सुजणं बऱ्याच जणींना होतं, त्याने घाबरू नका. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसली तर ती वेगळी गोष्ट. आणि सूज अजिबात नसतानाही हा आजार असू शकतो.

बीपी घरी घेणार असाल तर दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला उशीवर. मापताना बोलायचं नाही. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 वर गेला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या, आणि तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160 किंवा 110 दिसला तर फोन गाडीत बसून करायचा. उलट, आकडा बरा दिसतो पण वरची लक्षणं आहेत, तरीही निघा. या आजारात घरची मशीन कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दाखवतात.

आपल्या सातपूरच्या ताईच्या लघवीत प्रथिनं तीन प्लस आली, प्लेटलेट 88 हजारांवर उतरल्या होत्या, यकृताची तपासणी बिघडलेली. बीपी उतरवायचं औषध आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट लगेच सुरू झालं. हे इंजेक्शन देताना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं वाटतं. त्यानंतर सिस्टर दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी तपासतात. हा काय प्रकार, म्हणून नातेवाईक चिडतात. औषध अंगात जास्त झालं की आधी गुडघ्याची ती उडी नाहीशी होते, म्हणून ही तपासणी. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं, बाळ पावणेदोन किलोचं, काचेत ठेवलं. प्रसूती हाच या आजारावरचा खरा उपाय आहे. बाकी औषधं तिथवर सुखरूप पोहोचवतात.

म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा: तुमच्या दवाखान्यात रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ येतात का, रक्ताची सोय कुठून होते, कमी दिवसांच्या बाळासाठी एनआयसीयू आहे का. नसेल तर पुढे कुठे पाठवतात ते लिहून घ्या. सिन्नर किंवा घोटीकडून येणाऱ्यांनी हे नक्कीच करावं, कारण एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात तास जातो. गाडी नसेल तर 108 ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.

तपासणीची फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. दारात पोहोचल्यावर ‘पित्त झालंय’ असं सांगू नका, नाहीतर रांगेत बसाल. सांगा: ‘तेहेतिसावा आठवडा आहे, डोकं दुखतंय, बरगडीखाली दुखतंय, घरी बीपी 164/112 आलं.’

वाटेत किंवा घरी झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, किती वेळ झटका चालला ते घड्याळात बघा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका.

एक शेवटचं, माहेरच्या मंडळींसाठी. बाळंतपण झालं म्हणजे हा धोका त्याच दिवशी संपत नाही. पहिला आठवडा जपायचा असतो, आणि सहा आठवड्यांपर्यंत हा आजार डोकं वर काढू शकतो, गर्भारपणात बीपी चांगलं असलेल्या बाळंतिणीलाही. तिचं डोकं दुखायला लागलं की आपल्याकडे वारा लागला म्हणतात आणि कान बांधतात. कान जरूर बांधा, पण आधी बीपी घ्या.