तीन दरांचे पत्रक आणि मधला रकाना

दादर-गिरगावकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे चौकशीला गेले, की आता बहुधा तीन रकान्यांचे दरपत्रक हाती पडते: साधे, नेहमीचे आणि खास. ही पद्धत नवी वाटली तरी तिच्यात दोन निरनिराळ्या कल्पना मिसळल्या आहेत. त्यांपैकी एक रेल्वेइतकी जुनी आहे, तर दुसरी अवघ्या पस्तीस-चाळीस वर्षांची.

जुनी कल्पना ऐपतीप्रमाणे गिऱ्हाईक वेगळे करण्याची. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक बोचरे निरीक्षण नोंदवले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्यात जाऊन बसू नये म्हणून. आपल्याकडे रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. त्या लाकडी बाकांवरून प्रवास केलेल्यांना द्युपुईचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे अमेरिकेतील सिअर्स कंपनीने टपालाने माल विकताना एकाच वस्तूचे चांगली, अधिक चांगली आणि सर्वोत्तम असे तीन प्रकार सूचिपत्रात मांडले. मात्र या साऱ्यात मधल्या पर्यायाला खास महत्त्व नव्हते. ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे घ्यावे, एवढाच हिशेब होता.

मधल्या पर्यायाकडे लक्ष गेले ते ग्राहकांच्या निवडीचे अभ्यासक इटामार सायमनसन यांच्या १९८९ सालच्या संशोधनामुळे. त्यानंतर १९९२ साली त्यांनी मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की यांच्यासह कॅमेऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे १७० आणि २४० डॉलरचे दोनच कॅमेरे दाखवले तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. मग सुमारे ४७० डॉलरचा तिसरा कॅमेरा शेजारी ठेवला, तेव्हा स्वस्त कॅमेरा २२ टक्क्यांवर आला, मधला ५७ टक्क्यांवर गेला आणि महागडा २१ टक्के लोकांनी घेतला. मधल्या कॅमेऱ्यात काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती त्याची जागा. आपल्या निवडीचे कारण दुसऱ्याला सांगावे लागणार असेल तर माणसे मधल्याकडे अधिक झुकतात, हेही १९८९ सालच्या संशोधनात दिसले होते. लग्नात तर मुलीच्या वडिलांना काकांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनाच उत्तर द्यावे लागते, आणि ‘फार उधळले नाही, कमीही केले नाही’ हे उत्तर मधला रकाना आयते देतो.

परंतु मधला रकाना निवडला जाणे आणि तो दोन्ही बाजूंना परवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, साधे पॅकेज ४०,००० रुपयांचे आहे: एक फोटोग्राफर, फक्त लग्नाचा दिवस, अल्बम नाही. त्यात २२,००० खर्च होऊन १८,००० उरतात आणि चित्रण, निवड, रंगदुरुस्ती धरून पाच दिवस जातात. मधले ७०,००० रुपयांचे, व्हिडिओ आणि अल्बमसह. खर्च ४०,०००, शिल्लक ३०,०००. व्हिडिओचे संकलन बाहेर दिल्यामुळे स्वतःचे दिवस सहाच. खास पॅकेज १,४०,००० रुपयांचे: हळद, ड्रोन, लग्नाआधीचे चित्रण; खर्च ९५,०००, शिल्लक ४५,०००, पण दिवस पंधरा. दिवसाला मिळकत काढली तर साध्यात ३,६००, मधल्यात ५,००० आणि खासमध्ये ३,००० पडते. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले, तर अल्बम बहुतेकांना हवाच असतो. साधे पॅकेज घेऊन तो मागाहून सुटा करून घेणाऱ्याला तो सहसा महाग पडतो. म्हणून मधल्यात घालायची ती हीच वस्तू, ड्रोन नव्हे.

पत्रक बिघडले आहे हे घासाघिशीच्या बोलण्यातूनच कळते. ‘साधेच द्या, पण अल्बम त्यातच बसवा’ असे जो तो म्हणू लागला, तर पहिल्या दोन दरांतले अंतर जास्त झाले आहे, असे समजावे. जो तो आणखी काही न मागता साधेच घेऊन जात असेल, तर साध्यातच नको तेवढे भरलेले आहे. यावर द्युपुईने वर्णिलेला उपाय, म्हणजे साधे काम मुद्दाम वाईट करणे, मला धंद्याच्या दृष्टीनेही चुकीचा वाटतो, कारण पुढच्या चौकश्या त्याच फोटोंवरून येतात. शिवाय ज्याने आधीच चार ठिकाणचे दर पाहिले आहेत आणि आपल्याला काय हवे ते ठरवले आहे, त्याच्यावर रकान्यांच्या मांडणीचा परिणाम फारसा होत नाही.

तिसरा रकाना केवळ शोभेचा असतो, हा समज मात्र अंगाशी येऊ शकतो. कॅमेऱ्यांच्या प्रयोगातही पाचांतल्या एकाने सर्वांत महागडाच घेतला होता. दाट मुहूर्ताच्या आठवड्यात खास पॅकेजची एक मागणी आली, की चार माणसे आणि ड्रोन चालवणारा त्याच दिवसासाठी जमवावा लागतो, आणि त्याच तारखेची मधल्या पॅकेजची दोन कामे हातची सोडावी लागतात.