प्रोटेक्टिंग ग्रुप कधी टाळता येत नाही?

“योग्य रिएजंट निवडला की झालं, प्रोटेक्टिंग ग्रुपच्या दोन जादा पायऱ्या कशाला?” असं अनेकदा विचारलं जातं. प्रोटेक्टिंग ग्रुप म्हणजे रेणूतला एखादा क्रियाशील गट तात्पुरता झाकून ठेवणारं आवरण; ते घालणं आणि काढणं या त्या दोन पायऱ्या.

एथिल असिटोअसिटेट घ्या. त्यात कीटोनही आहे आणि एस्टरही. फक्त कीटोनचं अल्कोहोल हवं असेल, तर सोडियम बोरोहायड्राइड पुरतं. तिथे संरक्षण खरंच नको. उलट, कीटोन राखून एस्टरचं अल्कोहोल करायचं असेल तर अडतं. एस्टर कमी क्रियाशील. त्याला पुरून उरणारं लिथियम अल्युमिनियम हायड्राइड कीटोनलाही सोडत नाही.

म्हणून आधी एथिलीन ग्लायकॉल आणि किंचित टोल्युइनसल्फोनिक आम्ल घालून, सुटणारं पाणी डीन-स्टार्क या पाणी वेगळं करणाऱ्या उपकरणाने काढत कीटोनचं कीटल करायचं. हायड्राइड कीटलला शिवत नाही. आयआर स्पेक्ट्रममध्ये १७१५ cm⁻¹च्या आसपासचा कीटोनचा पट्टा जाऊन १७४० cm⁻¹च्या जवळचा एस्टरचा उरला, की रिडक्शन करा. शेवटी सौम्य आम्लाने कीटोन मोकळा होतो. इथे मात्र जपा: आम्ल तीव्र झालं किंवा जास्त तापवलं, तर पाणी निघून मिथाइल व्हिनाइल कीटोन हाती येतो.